लाँड्रीचं दरपत्रक मराठीत आणताना: 'एक नग' म्हणजे किती, आणि साडी बिघडली तर कोण भरणार?

जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत ड्रायक्लीनच्या नव्या दुकानांत गेलात तर काउंटरमागे बहुतेक वेळा इंग्रजी दरपत्रक दिसतं. यातली पुष्कळ दरपत्रकं हॉटेलातल्या खोलीत ठेवलेल्या लाँड्री-यादीवरून उचललेली असतात. एका बाजूला कपड्यांची नावं, तीन रकाने (धुलाई, ड्रायक्लीन, नुसती इस्त्री), खाली तातडीचा आकार आणि तळाशी बारीक अक्षरात चार-पाच अटी. दुकानदार म्हणतो, "हे तेवढं मराठीत करून द्या, पाटी लावायची आहे." माझ्याकडे अशी कामं येतात. एका पानाचं काम म्हणून कुणी ते अर्ध्या तासात उरकायला गेलं की घोळ होतो. हे पान म्हणजे दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातला करार असतो, आणि त्यातला एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर पैसे कुणी द्यायचे तेच बदलतं.

पहिली अडचण कपड्यांच्या नावांची. हॉटेलच्या यादीत 'ड्रेस' असतो तो बाईमाणसाचा एकसंध झगा, म्हणजे एक नग. आपल्याकडे 'ड्रेस' म्हटलं की पंजाबी ड्रेस: कुर्ता, सलवार आणि ओढणी, म्हणजे तीन कपडे. पाटीवर नुसतं 'ड्रेस ₹२००' लिहिलं तर गिऱ्हाईक तिन्ही कपडे एका दरात धरतं. काउंटरवरचा मुलगा ओढणीचे वेगळे पैसे लावतो आणि तिथेच वाजतं. 'सूट'चं उलटं आहे. बायका पंजाबी ड्रेसच्या कापडाला सूट म्हणतात, पुरुष कोट-पँटला. म्हणून मी 'सूट' हा शब्द पाटीवर ठेवतच नाही. 'कोट-पँट (२ नग)', 'कोट-पँट-जाकीट (३ नग)', 'पंजाबी ड्रेस, ओढणीसह (३ नग)' असं लिहितो. जागा जास्त लागते, पण भांडण वाचतं.

'जंपर' तर निव्वळ सापळा. ब्रिटिश वळणाच्या यादीत तो लोकरीचा स्वेटर असतो. आपल्या आजीच्या बोलीत झंपर म्हणजे ब्लाऊज, आणि खेड्यापाड्यात अजूनही तसंच म्हणतात. स्वेटरचा दर ब्लाऊजला लागला तर गिऱ्हाईक ओरडणार, उलटं झालं तर दुकानदार. 'व्हेस्ट' हा शब्द इंग्लंडकडच्या यादीत बनियन असतो, अमेरिकेकडच्या यादीत जाकीट. कुठला ते यादीतला शेजार पाहून ठरवायचं. तो अंडरवेअरच्या ओळीजवळ असेल तर बनियन, कोटाच्या खाली असेल तर जाकीट. 'गाऊन'चंही तसंच, घरात घालायचा आणि लग्नात घालायचा यांच्या दरात दहापट फरक असू शकतो.

त्याहून मोठी उणीव म्हणजे मूळ यादीत नसलेले कपडे. हॉटेलच्या यादीत नऊवारी नसते, पैठणी नसते, फेटा नसतो, शेरवानी असलीच तर एका ओळीत उरकलेली. आखाजीच्या आगेमागे लग्नांचा हंगाम असतो तेव्हा इथल्या दुकानात येणारा निम्मा माल हाच. म्हणून 'साडी' ही एक ओळ पुरत नाही. निदान चार हव्यात: सुती साडी, सिंथेटिक साडी, रेशमी जरीची साडी आणि नऊवारी. कारण सरळ आहे. नऊवारीला कापड जास्त लागतं, इस्त्रीला वेळ जास्त जातो. जरीला उष्णता बेताची द्यावी लागते, नाहीतर ती निस्तेज होते. रोल पॉलिश हा वेगळा रकाना करावा. त्यात साडीला हलकी खळ देऊन ती रुळावर ताणून गुंडाळतात, म्हणजे चुण्या जाऊन कापडाला कडकपणा आणि चमक येते. ते इस्त्रीच्या रकान्यात घुसवलं तर दोन्हीपैकी एकाचा दर खोटा ठरतो. फॉल-पिको आणि रफू ही तर शिवणकामं, ती यादीत खाली स्वतंत्र द्यावीत.

ड्रायक्लीनबद्दल एक वाक्य पाटीवर असावं असं माझं मत आहे, कारण पुढच्या सगळ्या जबाबदारीच्या अटी त्यावर उभ्या आहेत. बऱ्याच जणांना वाटतं ड्रायक्लीन म्हणजे जास्त चांगली धुलाई. तसं नाही. त्यात पाणी वापरत नाहीत. मशीनमध्ये पर्क नावाचं रसायन किंवा पेट्रोलियमपासूनचं विद्रावक फिरवतात. ते तेल, तूप, मेकअप उत्तम काढतं. चहा, घाम, सरबत हे पाण्यातले डाग मात्र नुसत्या त्याने जात नाहीत, त्यांना हाताने वेगळी क्रिया करावी लागते. घामाचा आणि साखरेचा डाग राहून गेला तर पुढे पिवळा पडून वर येतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, "दुकानाने डाग पाडला." खरं तर तो तिथेच होता.

खानदेशात यात आणखी एका डागाची भर पडते, केळीच्या चिकाची. बागेत काम करताना तो अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. हवा लागली की तपकिरी-काळा होतो आणि धाग्यात बसतो. रावेर-यावलकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, शेतात जायचे कपडे वेगळेच ठेवतात ते त्यासाठी. पण तोच शर्ट ड्रायक्लीनला आला तर मशीन त्याला काही करू शकत नाही. म्हणून 'डाग निघण्याची हमी नाही' ही अट योग्य आहे. फक्त ती स्वच्छ लिहावी: "जुने डाग, केळीचा चीक, शाई, गंज आणि रंग यांचे डाग निघतीलच असे नाही. प्रयत्न करू. डाग न निघाल्यासही धुलाईचे पैसे घेतले जातील." शेवटचं वाक्य दुकानदार बहुधा गाळतात, आणि नेमकं त्यावरूनच वाद होतो.

आता तातडीच्या आकाराकडे येऊ. मूळ यादीत लिहिलेलं असतं की एक्स्प्रेस सेवेला पन्नास टक्के जादा. पाटीवर जागा वाचवायला पेंटर लिहितो 'एक्स्प्रेस ५०%'. बाजारात '५०%' दिसलं की माणूस सवलत समजतो, हे कुणालाही सांगून पाहा. 'तातडीची सेवा: नेहमीच्या दराच्या दीडपट' असं लिहिलं की टक्क्यांचा प्रश्नच मिटतो. चार तासांत हवं असेल तर 'दुप्पट'.

पण दीडपट कशाच्या? समजण्यापुरते आकडे घेऊ. एका गिऱ्हाइकाने कोट-पँट (₹३५०), पंजाबी ड्रेस (₹२००) आणि एक शर्ट (₹४०) दिला. एकूण ₹५९०. संध्याकाळच्या हळदीला त्याला फक्त कोट-पँट हवी आहे. तातडी नगावर लागत असेल तर जादा ₹१७५. अट 'बिलावर' अशी लिहिली असेल तर जादा ₹२९५, म्हणजे न लागणाऱ्या दोन कपड्यांचे ₹१२० फुकट गेले. मूळ इंग्रजीत हे बहुधा स्पष्ट नसतं. अशा वेळी भाषांतर करणाऱ्याने स्वतः ठरवू नये, दुकानदाराला विचारावं. बहुतेक जण म्हणतात, "अर्थात त्या कपड्यापुरतंच." मग तेच लिहायचं: "जादा आकार फक्त तातडीने मागितलेल्या नगावर."

वेळेचं तसंच. 'एका दिवसात' म्हणजे आज की उद्या, हे मराठी माणूस दोन्ही बाजूंनी समजू शकतो. 'सकाळी १० पर्यंत दिल्यास त्याच दिवशी संध्याकाळी ७ वाजता' असं घड्याळ लावून लिहावं. बाजार बंद असतो तो वार लिहावा. ब्लँकेट, रजई, पडदे, रोल पॉलिशच्या साड्या या गोष्टी घाईत होत नाहीत. त्या तातडीत घेणार नसाल तर नावानिशी लिहा. शिवाय कपडा वेळेत तयार झाला नाही तर जादा आकार परत मिळेल, हे वाक्य घालायला मी आग्रह धरतो. जादा पैसे वेळेचेच घेतले आहेत, वेळ हुकली की ते ठेवून घेणं पटणारं नाही.

खरी गंमत तळाच्या बारीक अक्षरांत आहे. त्यात पहिली अट बहुतेक वेळा 'ओनर्स रिस्क'ची असते, म्हणजे कपडे त्यांच्या धन्याच्या जोखमीवर घेतले जातात. भाषांतर होतं: 'कपडे मालकाच्या जबाबदारीवर स्वीकारले जातील.' आता दुकानात 'मालक' कोण? गल्ल्यावर बसलेला. एका दुकानात अशी पाटी वाचून एक आजोबा हसत म्हणाले, "मालकनी जबाबदारी म्हंजे तुनीच ना भाऊ?" त्यांचं बरोबर होतं. अट जी सांगायला निघाली होती, नेमकं त्याच्या उलट तिने सांगितलं. 'ग्राहकाच्या जोखमीवर' लिहिलं की अर्थ सुटतो.

दुसरी गडबड 'लॉस ऑर डॅमेज' या जोडीची. मराठीत दोन्हींना सहज 'नुकसान' लिहितात. पण शालू हरवणं आणि शालूचा रंग जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रंग कापडाच्या दोषाने जाऊ शकतो, त्याची चर्चा होऊ शकते. हरवणं मात्र दुकानाच्या ताब्यात असताना घडतं, त्यात कापडाचा काही दोष नसतो. म्हणून दोन वेगळी वाक्यं हवीत: "कपडा हरवल्यास…" आणि "कपडा खराब झाल्यास…".

तिसरी अट भरपाईच्या मर्यादेची. हॉटेलच्या याद्यांत सर्रास असतं की भरपाई त्या नगाच्या धुलाईच्या दहापटीपेक्षा जास्त होणार नाही. मराठीत ते 'दहापट भरपाई मिळेल' असं होऊन बसतं. मूळ अट छत घालते, भाषांतर वचन देतं. बाही किंचित उसवली तरी माणूस दहापट मागायला येईल, आणि पाटी त्याच्या बाजूने बोलेल. बरोबर वाक्य: "भरपाई प्रत्यक्ष नुकसानीइतकी, पण त्या नगाच्या धुलाई-आकाराच्या १० पटींपेक्षा जास्त नाही." इथेही 'त्या नगाच्या' हे शब्द गेले तर सगळ्या बिलाची दहापट असा अर्थ निघतो. शिवाय तातडीचा आकार यात धरायचा की नाही? साडीच्या ड्रायक्लीनचे ₹२५० असतील तर छत ₹२,५००. तातडी धरली तर ₹३७५ च्या हिशेबाने ₹३,७५०. एका शब्दाने साडेबाराशे रुपये इकडचे तिकडे होतात.

आणि साडी ₹१८,००० ची पैठणी असेल तर? ₹२,५०० घेऊन गप्प बसायचं का? पाटीवर छापलं म्हणजे कायदा झाला, असं नसतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कुणाकडे वस्तू एखाद्या कामासाठी सोपवली तर त्याने ती कशी सांभाळायची हे कलम १५१ सांगतं: शहाणा माणूस स्वतःच्या तेवढ्याच किमतीच्या वस्तूची जशी काळजी घेईल, तशी. तेवढी काळजी घेऊनही वस्तू बिघडली तर कलम १५२ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, त्याच्यावर जबाबदारी येत नाही. म्हणजे खरा प्रश्न काळजी घेतली की नाही हा. कपडा दुकानात होता, तिथे काय झालं ते दुकानालाच माहीत, त्यामुळे काळजी घेतल्याचं दाखवणं दुकानाच्या गळ्यात पडतं. लाँड्रीच्या पावतीवरच्या अशाच एका अटीवर मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, लिली व्हाइट विरुद्ध मुनुस्वामी, १९६६ च्या विधी-अहवालात छापलेला. कपडा हरवल्यास किमतीच्या निम्मेच मिळतील असं पावतीवर छापलं होतं. ही अट लोकहिताच्या विरोधी आहे, ती चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. अशी अट चालू दिली तर निष्काळजी दुकानदाराला निम्म्या किमतीत माल पचवता येईल, असा त्यामागचा विचार. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' ही कल्पनाच आली.

म्हणून मी दुकानदाराला सांगतो की 'कसल्याही नुकसानीस आम्ही जबाबदार नाही' हे वाक्य घालू नका. ते गिऱ्हाइकाला चिडवतं आणि ग्राहक आयोगापुढे टिकेल याची खात्री नाही. त्यापेक्षा ज्या गोष्टींवर तुमचा खरोखर ताबा नाही त्यांची नावं घ्या: खिशात राहिलेले पैसे, आधीच विरलेलं कापड, कच्चा रंग.

यातली सगळ्यात जास्त भानगडीची गोष्ट म्हणजे लग्नाचा घागरा. एक उदाहरण घेऊ. घागऱ्यावर चमकणारे खडे आहेत, गिऱ्हाइकाने ड्रायक्लीनला दिला, परत आला तेव्हा निम्मे खडे गळालेले. पर्कमध्ये डिंक मऊ पडतो, काही प्लॅस्टिकच्या टिकल्या त्यात विरघळूनही जातात. खडे शिवलेले असते तर काही झालं नसतं. ओळखायचं कसं? घागरा उलटा करायचा. खड्याच्या मागे दोरा दिसला तर शिवलेला. मागे नुसता डिंकाचा कडक ठिपका किंवा काहीच नाही, तर चिकटवलेला. ही तपासणी काउंटरवर अर्ध्या मिनिटात होते. आतल्या शिवणीत लेबल असेल तर तेही पाहावं. गोलात पी म्हणजे पर्क चालेल, गोलात एफ म्हणजे फक्त पेट्रोलियमचं विद्रावक, आणि गोलावर फुली म्हणजे ड्रायक्लीन नाहीच.

आता भरपाई कुणाची? दुकानाने खडे चिकटवलेले असल्याचं पाहिलं, सांगितलं आणि पावतीवर 'खडे चिकटवलेले, गळू शकतात, ग्राहकाची संमती' असं लिहून सही घेतली, तर गिऱ्हाइकाला फारसं बोलता येणार नाही. काहीच न पाहता मशीनमध्ये टाकला तर 'कापडाचा दोष' हे उत्तर लंगडं पडतं, कारण ते ओळखणं हीच त्याची विद्या, त्याचेच तर पैसे घेतो. म्हणूनच माझ्या मराठी पावतीत अटींच्या आधी एक रकाना असतो: 'घेताना अवस्था'. त्यात डाग, फाटलेलं, काळी पडलेली जर, बटण नाही, खडे चिकटवलेले अशा खुणा करायच्या. मूळ इंग्रजी यादीत तो नव्हता. भाषांतरात भर घालू नये हा नियम मला ठाऊक आहे, पण इथे दुकानदाराला विचारून मी तो मोडतो.

एक छोटी अट राहिली, न नेलेल्या कपड्यांची. 'तीस दिवसांत न नेल्यास विल्हेवाट लावण्यात येईल' असं सर्रास छापतात. धुलाईचे पैसे मिळेपर्यंत कपडा अडवून ठेवण्याचा हक्क त्याच करार कायद्याच्या कलम १७० ने दुकानाला दिला आहे. अडवून ठेवणं आणि विकणं या मात्र वेगळ्या गोष्टी, विकण्याचा हक्क त्या कलमात नाही. 'तीस दिवसांनंतर दरमहा इतका सांभाळ-आकार' हे वाक्य जास्त सुरक्षित. सोबत पावतीवरच्या मोबाइल नंबरवर आधी कळवू, असंही लिहावं.

गिऱ्हाईक म्हणून तुमच्यावर पाळी आली तर पावती जपून ठेवा आणि बिघडलेला कपडा पुन्हा धुऊ नका, तोच पुरावा. आधी दुकानात लेखी द्या. उपयोग झाला नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला, किंवा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. पुण्याच्या दुकानात दिलेली पैठणी असली तरी तक्रार जळगावात करता येते.